खाट क्रमांक १४ची केस

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात नातेवाइकाजवळ दोन-चार दिवस बसून काढलेल्या प्रत्येकाने तिला पाहिलेलं असतं. हातात फाइल, खिशात दोन रंगांची पेनं, आणि डॉक्टरांनी कालच विचारलेले प्रश्न पुन्हा विचारणारी नर्सिंगची विद्यार्थिनी. पत्ता काय, घरी कोण कोण, पहाटे किती वाजता उठता, पहिलं जेवण कधी, शौचाला कुठे जाता. ‘हे सगळं कालच सांगितलं की ओ’ म्हणून नातेवाईक वैतागतात. पायाला जखम झालेल्या बाईला भाकरीची वेळ कशाला विचारायची, असं कुणालाही वाटेल.

ती केस प्रेझेंटेशनची तयारी करत असते. तिला एक रुग्ण नेमून दिलेला असतो. त्याची काही दिवस सलग शुश्रूषा करायची, माहिती ठरलेल्या क्रमाने लिहायची आणि मग वर्गमैत्रिणी, शिक्षिका आणि वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर यांच्यासमोर ती मांडायची. रुग्णाची ओळख, तक्रारी, इतिहास, शारीरिक तपासणी, प्रयोगशाळेचे निकाल, आजाराची माहिती, औषधं, नर्सिंग निदानं, शुश्रूषेचा आराखडा आणि शेवटी डिस्चार्ज प्लॅन असा हा क्रम असतो. ही मांडणी मी शिकवते आणि तपासते. बहुतेक फायली मी मागून वाचायला घेते, आधी डिस्चार्ज प्लॅन. तो कुठल्याही रुग्णाला चिकटवता येईल असा असला, तर पुढची पानं कितीही सुबक असोत, ती केस त्या रुग्णाची झालेली नसते. शेवटच्या पानावरची प्रत्येक सूचना इतिहासातल्या कुठल्या तरी ओळीपर्यंत मागे नेता आली पाहिजे. हे कसं घडतं ते एका केसवरून सांगते. इथली रुग्ण म्हणजे कुणी एक खरी बाई नाही. ऊस पट्ट्यातल्या रुग्णालयात वारंवार दिसणाऱ्या परिस्थितीतून ती उभी केली आहे. खऱ्या फायलीतही रुग्णाचं नाव सगळ्यांसमोर वाचायचं नसतं, वय आणि खाट क्रमांक पुरतो, आणि केस मांडण्याआधी रुग्णाची परवानगी घ्यावी लागते.

खाट क्रमांक १४, वय ४६, स्त्री, सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात. उजव्या तळपायाला जखम, ताप, मधुमेह. जखमेतला पू आणि मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढून टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनीला ही रुग्ण मिळाली.

पहिलं पान ओळखीचं. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, पत्ता, दाखल झाल्याची तारीख. हे पान बहुतेक मुली केसपेपरवरून उतरवून काढतात आणि मोकळ्या होतात. या बाईच्या केसपेपरवर पत्ता होता बीड जिल्ह्यातल्या एका गावाचा आणि व्यवसाय ‘मजुरी’. दोन्ही नोंदी खऱ्या, आणि दोन्ही अपुऱ्या. बाई ऊसतोडीला आलेली होती. दिवाळीच्या सुमाराला गावाहून निघायचं आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्चच्या आसपासपर्यंत, फडाजवळच्या कोपीत राहायचं हा तिचा दरवर्षीचा नेम. डिस्चार्ज मिळाल्यावर ती गावी जाणार नव्हती, कोपीवर जाणार होती. ही एक ओळ पहिल्या पानावर आली नाही तर शेवटच्या पानावर ‘गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्रेसिंग करून घ्यावे’ अशी सूचना पडते, आणि ते केंद्र तिच्यापासून तीनशे किलोमीटरवर असतं.

मुख्य तक्रार रुग्णाच्या शब्दांत आणि कालावधीसह लिहायची असते. ‘डायबेटिक फूट अल्सर’ ही तक्रार होत नाही, ते डॉक्टरांचं निदान आहे. तक्रार अशी: पायातून पाणी येतंय, आठ दिवस. ताप आणि थंडी, तीन दिवस. मग सध्याच्या आजाराचा इतिहास, कशी सुरुवात झाली, पुढे काय होत गेलं, घरी काय उपाय केले. इथे विद्यार्थिनीने खाटेजवळ स्टूल ओढून घेतलं आणि फाइल बाजूला ठेवून विचारलं, हे तिने चांगलं केलं.

‘मावशी, पायात काय गेलं ते कधी कळलं?’

‘कुठं कळलं, पोरी. चपलेत वलसर लागाय लागलं, मग सुनेनं पाय उचलून बघितला. वास मारत होता.’

‘दुखत नव्हतं?’

‘दुखलं असतं तर चार दिस फडात उभी राहिले असते का?’

तोडलेल्या उसाचं टोकदार खुंट झिजलेल्या चपलेतून आत घुसलं होतं. मावशींनी हळद आणि चुना लावला, चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. या सगळ्या संवादातली सर्वांत मोलाची नोंद ‘दुखत नव्हतं’ ही आहे. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायांच्या नसा हळूहळू निकामी होतात. काटा, खडा, चटका मेंदूपर्यंत पोचतच नाही, म्हणून माणूस त्या पायावर चालत राहतो आणि जखम खोल जाते. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं होतं. रुग्णांच्या हातापायांची झीज मुख्यतः वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या इजांमधून होते. आजार वेगळा असला तरी मधुमेही पायाची शुश्रूषा याच समजुतीवर उभी आहे.

पूर्वेतिहासात मधुमेह सहा वर्षांपासून. गावातल्या केंद्रातून गोळ्या मिळतात, पण महिन्याच्या. हंगामाला निघताना एका महिन्याच्या गोळ्या पिशवीत आणि पुढचे तीन-चार महिने काहीच नाही. अनेक फायलींत या जागी ‘औषधे नियमित घेत नाही’ असं लिहिलेलं असतं. अशा वाक्यात दोष रुग्णावर जातो आणि कारण दिसेनासं होतं. शस्त्रक्रियेच्या इतिहासात मावशींनी सांगितलं, एकतिसाव्या वर्षी गर्भपिशवी काढली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांमध्ये ही नोंद इतक्या वेळा दिसली, की २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. पायाच्या जखमेशी तिचा थेट संबंध नाही. तरी ती लिहायची, कारण इतिहास लिहिणाऱ्याने काय महत्त्वाचं ठरेल याचा निर्णय आधीच करून टाकायचा नसतो.

कौटुंबिक इतिहासात वंशवृक्ष काढतात. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, रुग्णाकडे बाण, गेलेल्या माणसावर काट. मावशींच्या आईला ‘साखर’ होती आणि तिचा अंगठा कापला होता. सोबत नवरा, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. सून सातवी शिकलेली. मावशींना अक्षर येत नाही, आकडे मात्र नोटांवरून ओळखता येतात. वैयक्तिक इतिहासात आहार, झोप, शौच, व्यसन. दिवसातून दोन-तीनदा मिश्री. पहाटे तीन-चारला उठून साखरेचा चहा, चुलीपुढे उकिडवं बसून सगळ्यांच्या भाकरी, मग फड. पोटात पहिला घास जातो तो दहा-अकराला. शौचाला उघड्यावर. ही माहिती लिहिताना विद्यार्थिनीला ती ‘जनरल’ वाटते. पुढे काय होतं ते पाहू.

शारीरिक तपासणी डोक्यापासून पायापर्यंत करायची. पाहणे, हाताने चाचपणे, बोटांनी ठोकून ऐकणे आणि स्टेथोस्कोपने ऐकणे या तिच्या चार रीती आहेत. फायलीत याची चार-चार पानं भरतात आणि ‘केस काळे, डोळे सामान्य, नाक सामान्य’ अशा नोंदींत जीव नसतो. या रुग्णाच्या बाबतीत वरच्या अंगाला एक पान पुरे. ताप १०१ अंश फॅरनहाइट, नाडी १०४, डोळ्यांच्या आतली कड फिकट, वजन ४६ किलो, उंची १५० सेंटिमीटर. खरा वेळ पायांना द्यायचा, दोन्ही पायांना. जखमेची नोंद ‘जखम आहे’ एवढी करून चालत नाही. जागा: उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला. लांबी ४, रुंदी ३ सेंटिमीटर. तळ कसा, किती भाग लाल आणि किती पिवळट. कडा कशा, पाझर किती आणि कसला, वास आहे का, भोवतालची कातडी लाल आणि गरम आहे का. उद्या ही जखम सुधारली की बिघडली हे आजच्या मोजमापाशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

मग संवेदना. त्यासाठी नायलॉनचा एक बारीक तंतू असतो, मोनोफिलामेंट. त्वचेवर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं आणि स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायला सांगायचं. मावशींना उजव्या तळव्यावर १० ठिकाणांपैकी ७ ठिकाणी काहीच कळलं नाही, डाव्यावर ५ ठिकाणी. म्हणजे बरा दिसणारा डावा पायही धोक्यात होता. पायाच्या वरच्या बाजूला नाडी मात्र दोन्हीकडे चांगली लागत होती. ही आशादायक खूण, कारण रक्तपुरवठा चांगला असलेली जखम भरण्याची शक्यता बरीच जास्त असते.

प्रयोगशाळेच्या तक्त्यात तारीख, निकाल, सामान्य मर्यादा आणि शेरा असे चार रकाने असतात. शेऱ्याच्या रकान्यात ‘वाढलेले’, ‘कमी’ एवढंच लिहिलं तर तक्ता मुका राहतो. दाखल होताना साखर ३८६ होती. एचबीए१सी ११.४, म्हणजे ही वाढ जखमेच्या ताणाने आलेली दोन दिवसांची नव्हे, गेले दोन-तीन महिने साखर वरच होती. पांढऱ्या पेशी १६,८००, जंतुसंसर्ग चालू आहे. हिमोग्लोबिन ८.८. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन २.९, जे साधारण ३.५च्या वर हवं. अंगात जंतुसंसर्ग असला की अल्ब्युमिन त्यामुळेही उतरतं, म्हणून एवढ्या आकड्यावरून कुपोषण ठरवायचं नसतं. पण फिकट डोळे, हिमोग्लोबिन आणि दोन वेळच्या भाकरी-चटणीचा इतिहास शेजारी ठेवला की चित्र स्पष्ट होतं. जखम भरायला लागणारा माल शरीरात कमी आहे. एक्स-रेमध्ये हाडाला संसर्ग पोचल्याचं दिसत नव्हतं.

यानंतर येतो आपल्याकडच्या केस प्रेझेंटेशनमधला मला सर्वांत आवडणारा भाग. पानाचे उभे दोन भाग करायचे, डावीकडे पुस्तकातलं चित्र आणि उजवीकडे आपल्या रुग्णातलं चित्र. कारणं, लक्षणं, तपासण्या, उपचार, सगळं समोरासमोर. बहुतेक मुली डावीकडचं उजवीकडे उतरवतात किंवा प्रत्येक ओळीसमोर ‘आहे’, ‘नाही’ लिहितात. वास्तविक या पानाचं काम फरक दाखवण्याचं आहे. पुस्तकात जंतुसंसर्ग झालेल्या जखमेचं लक्षण म्हणून वेदना दिलेली असते, आपल्या रुग्णाला वेदना नाही. पुस्तकात मधुमेही रुग्ण वजनदार असण्याची शक्यता सांगितलेली असते, आपली रुग्ण ४६ किलोची आहे आणि तिला प्रथिनं कमी पडताहेत. जिथे दोन्ही बाजू जुळत नाहीत तिथे थांबून कारण शोधायचं. औषधांच्या तक्त्यावर मी इथे थांबत नाही. मात्रा, मार्ग, काम, दुष्परिणाम आणि नर्सने घ्यायची काळजी हे त्यात असतंच, आणि ते पाठही होतं.

नर्सिंग निदानापाशी मात्र थांबायला हवं, कारण सामान्य वाचकाला हे असतं हेच ठाऊक नसतं. निदान डॉक्टर करतात, मग नर्सचं वेगळं निदान कसलं? डॉक्टरांचं निदान आजाराचं नाव सांगतं. त्या आजारामुळे या माणसाच्या जगण्यात काय अडलंय आणि त्यातलं काय नर्सला स्वतःच्या अधिकारात हाताळता येईल, ते नर्सिंग निदान सांगतं. अमेरिकेत १९७३ साली सेंट लुईसला भरलेल्या परिषदेत अशा निदानांची नावं ठरवायला सुरुवात झाली आणि त्यातून पुढे ‘नांदा’ या संक्षेपाने ओळखली जाणारी यादी तयार होत गेली. आपल्या विद्यार्थिनी तीच वापरतात. निदान लिहिण्याचे तीन भाग मार्जोरी गॉर्डन यांनी रूढ केले: अडचण काय, ती कशामुळे, आणि पुरावा काय.

आता या केसच्या फायलीत मला हमखास दिसणारं पहिलं निदान सांगते: ‘जखमेमुळे तीव्र वेदना, रुग्ण तोंडाने सांगते.’ शस्त्रक्रियेच्या रुग्णाचं पहिलं निदान वेदना, ही सवय इतकी मुरलेली असते की मागच्या केसमधून वाक्य जसंच्या तसं येतं. इतिहासाच्या पानावर याच मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं असतं, दुखत नाही. माहिती गोळा झाली पण वापरली गेली नाही हे ओळखायची याहून सोपी खूण नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कारणाच्या जागी आजाराचं नाव लिहिणं. ‘मधुमेहामुळे ऊतींची हानी’ असं लिहिलं तर नर्सने करायचं काय? मधुमेह ती पुसू शकत नाही. तिच्या हातातलं कारण लिहायचं.

म्हणून या रुग्णाचं पहिलं निदान असं: उजव्या तळपायाच्या ऊतींची हानी. कारण, संवेदना गेलेल्या पायावर सतत पडणारा दाब. पुरावा, ४ बाय ३ सेंटिमीटरची जखम, पाझर, आणि मोनोफिलामेंट तपासणीत १० पैकी ७ जागी स्पर्श न कळणं. कारणाच्या जागी दाब आला, आणि पुढचा आराखडा आपोआप ठरला, दाब काढायचा. उद्दिष्ट मोजता येईल असं हवं: एका आठवड्यात जखमेचा तळ लाल आणि दाणेदार व्हावा, पाझर कमी व्हावा, आकार वाढू नये. ‘जखम बरी होईल’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा आहे. कृतीमध्ये निर्जंतुक पद्धतीने ड्रेसिंग, दर वेळी मोजमाप, उजव्या पायाचा पुढचा भाग जमिनीला टेकू न देता वॉकरने चालायला शिकवणं, रोज दोन्ही पाय तळव्यांसह तपासणं. प्रत्येक कृतीसमोर तिचं कारण. विद्यार्थिनीने इथे एक गोष्ट टिपली. मावशी शौचालयात आणि खाटेखाली पिशवी शोधतानाही उकिडव्या बसत होत्या, आणि तसं बसलं की सगळा भार चवड्यावर, नेमका जखमेवर येतो. पलंगावर दिवसभर विश्रांती घेऊनही जखमेवर दाब का पडतोय, त्याचं उत्तर तिथे होतं. तिने वॉर्डातल्या कमोडच्या खुर्चीची सोय केली.

दुसरं निदान धोक्याचं आहे. धोक्याच्या निदानात पुरावा लिहायचा नसतो, कारण गोष्ट अजून घडलेली नाही, फक्त धोका वाढवणाऱ्या बाबी लिहायच्या. इथे धोका होता साखर एकदम खाली जाण्याचा. साखर ३८६ असलेल्या बाईची साखर खाली जाईल असं विद्यार्थिनीला आधी वाटलंच नव्हतं. पण घरी जाताना डॉक्टर मावशींना सकाळ-संध्याकाळचं मिश्र इन्सुलिन लिहून देणार होते. ते जेवणाआधी सुमारे अर्धा तास घ्यायचं असतं, आणि एकदा टोचलं की जेवण आलं नाही म्हणून थांबत नाही. आता मागे लिहिलेली ‘जनरल’ ओळ आठवा: पहाटे तीन-चारला उठणं, पहिला घास दहा-अकराला. वॉर्डात नाश्ता वेळेवर येतो म्हणून साखर छान राहते. कोपीत हीच मात्रा पहाटे टोचून बाई चुलीपुढे बसली तर उजाडायच्या आत घाम, थरथर, छातीत धडधड, आणि तिला ते थकव्यासारखं वाटणार. मात्रा किंवा वेळ बदलण्याचा अधिकार नर्सला नाही. पण जेवणाची खरी वेळ डॉक्टरांपर्यंत नेण्याची जबाबदारी तिची आहे. विद्यार्थिनीने राउंडच्या वेळी ती सांगितली. डॉक्टरांनी मात्रा तीच ठेवली आणि सांगितलं, सकाळचं इंजेक्शन पहिल्या भाकरीशी बांधा, आणि ती भाकरी लवकर खा.

तिसरं निदान गरजेपेक्षा कमी पोषणाचं आणि चौथं ज्ञानाच्या कमतरतेचं. चौथ्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. हे निदान प्रत्येक फायलीत असतं आणि बहुतेक वेळा ते आळसाने लिहिलेलं असतं. रुग्णाला नेमकं काय माहीत नाही ते लिहा. मावशींना साखरेचा आजार आहे हे माहीत होतं, गोड कमी खायचं हे माहीत होतं. आपल्या पायाला कळत नाही हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. कष्टाने पाय टणक झालेत, अशी त्यांची समजूत होती. विद्यार्थिनीने त्यांना डोळे मिटायला लावून तोच नायलॉनचा तंतू आधी हाताला आणि मग पायाला लावून दाखवला, तेव्हा मावशी गप्प झाल्या आणि मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, ‘हे बघ गं, हिथं कळंना.’ मूल्यमापनाच्या रकान्यात ‘उद्दिष्ट अंशतः साध्य’ या ठोकळ वाक्याऐवजी हेच वाक्य आणि जखमेचं नवं मोजमाप आलं, ३.८ बाय २.८.

आता डिस्चार्ज प्लॅन. तो डिस्चार्जच्या दिवशी लिहायचा नसतो. शिकवणं आणि करून दाखवणं याला दिवस लागतात, म्हणून तो रुग्ण मिळाल्याच्या दिवसापासून सुरू होतो. नेहमीच्या फायलीत इथे पाच ओळी असतात: औषधे वेळेवर घ्या, सकस आहार घ्या, विश्रांती घ्या, पायांची काळजी घ्या, तपासणीला या. या पाचही सूचना मावशींना पाळता येण्याजोग्या नव्हत्या.

इन्सुलिन कोण देणार? सून. मग शिकवायचं सुनेला, आणि ती भेटते संध्याकाळी, म्हणून विद्यार्थिनीने आपली वेळ बदलून घेतली. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन सहसा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. दुकानदाराने चुकून नारिंगी दिली आणि ४०च्या बाटलीतून १० रेघा भरल्या तर पोटात जातात फक्त ४ युनिट. उलट गफलत झाली, १००ची बाटली आणि लाल टोपण, तर १०च्या जागी २५ जातात, आणि ते जिवावर बेतू शकतं. सुनेला दोन्ही सिरिंज शेजारी ठेवून दाखवल्या आणि लाल टोपण व बाटलीवरचा ४० हा आकडा जुळवायला शिकवलं. ‘समजलं का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, म्हणून तिच्याकडून तीन संध्याकाळी स्वतः भरून घेतलं. फ्रिज नाही. उघडलेली बाटली सावलीत, गार जागी ठेवली तर साधारण चार आठवडे चालते. चुलीपासून लांब, ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डब्यात. बाटली उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर. आणि पदराच्या गाठीला तीन चमचे साखरेची पुडी, घाम-थरथर सुरू झाली की खायची, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, मग भाकरी.

पायासाठी: सुनेने रोज रात्री दोन्ही तळवे कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात पाहायचे, चप्पल घालण्याआधी हात घालून झाडायची. चुलीपुढे उकिडवं बसायचं नाही. पाटावर किंवा विटेवर बसायचं आणि उजवा पाय विस्तवापासून लांब, बाजूला सोडायचा, कारण चटका बसला तरी तो कळणार नाही. जखम भरेपर्यंत चवड्यावर भार न येणारं पादत्राण, भरल्यावर मऊ एमसीआर रबराची चप्पल. आहारात महागडी पावडर न लिहिता रोज मूठभर शेंगदाणे, मटकी किंवा हुलग्याची उसळ आणि परवडेल तेव्हा अंडं.

उरली विश्रांती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एक जण बसला की कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. ‘विश्रांती घ्या’ असं कागदावर लिहिणं म्हणजे हा प्रश्न त्या घरावर सोडून मोकळं होणं. विद्यार्थिनीने रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना केस दाखवली, नवरा आलेला असताना डॉक्टरांकडून त्याला स्पष्ट सांगवलं की हा हंगाम बायकोला फडात उभं राहता येणार नाही, नाहीतर पुढची शस्त्रक्रिया पाय कापण्याची असू शकते, आणि मुकादमाला दाखवायला तसा दाखला घेतला. उचलीचा हिशेब त्या दाखल्याने मिटत नाही. नर्सिंगच्या आराखड्याची हद्द इथे संपते, आणि ती कुठे संपते हेही केस मांडताना सांगायचं असतं.

ड्रेसिंगसाठी कोपीपासून चार किलोमीटरवरचं आरोग्य केंद्र ठरलं. तिथल्या सिस्टरच्या नावे पत्र गेलं: जखमेची जागा, शेवटचं मोजमाप, संवेदना नसल्याची ठळक नोंद, इन्सुलिनची मात्रा आणि जेवणाच्या वेळेची अट. चार आठवड्यांनी लांबी-रुंदीचा गुणाकार निम्म्यावर आला पाहिजे, म्हणजे दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या मोजमापाच्या १२वरून ६ किंवा त्याखाली. आला नाही, किंवा मधेच ताप, वास, काळपटपणा, लाली वर चढणं यातलं काही दिसलं, तर त्याच दिवशी पुन्हा रुग्णालयात पाठवावं. पत्राच्या तीन प्रती काढल्या. एक आरोग्य केंद्राला, एक सुनेच्या पिशवीत, आणि तिसरी बीडमधल्या गावच्या केंद्रासाठी, मार्चमध्ये मावशी परततील तेव्हाची, जिच्यावर वेगळ्या शाईत लिहिलं आहे: पुढच्या हंगामाला निघण्याआधी सहा महिन्यांची औषधं कुठून मिळतील ते ठरवून द्यावे.